‘लमा सबख्थनी’ आणि दरवर्षी फिरणारा तो मेसेज

> “येशूचे क्रूसावरचे शब्द जगभर चुकीचे भाषांतरित झाले आहेत! १) अरामी भाषेत ‘लमाना शबकतानी’ म्हणजे ‘याचसाठी तू मला राखून ठेवलंस’, ‘मला का सोडलंस’ नव्हे. २) ग्रीक लिहिणाऱ्यांना अरामी येत नव्हती, म्हणून घोळ झाला. ३) मूळ अरामी बायबल म्हणजे पेशित्ता, त्यात खरा अर्थ आहे. ४) स्तोत्र २२शी याचा संबंध नाही, तिथे शब्दच वेगळा आहे. पुढे पाठवा.”

गुड फ्रायडे जवळ आला की हा मेसेज एखाद्या तरी ग्रुपवर येतोच. त्याचं मूळ जॉर्ज लॅम्सा यांच्या इंग्रजी बायबलात आहे. संपूर्ण बायबल त्यांनी १९५७ साली प्रसिद्ध केलं आणि त्यात हे वाक्य ‘याचसाठी मला राखलं गेलं’ अशा अर्थाचं छापलं. लॅम्सा जन्माने असिरियन होते. अरामीची आजची बोली त्यांची घरची भाषा, म्हणून लोकांना त्यांचा शब्द शेवटचा वाटतो. पण घरी मराठी बोलणाऱ्याला तेराव्या शतकातली मराठी आपोआप कळते असं नाही, आणि इथे अंतर एकोणीस शतकांचं आहे. तेव्हा बोलणाऱ्याचं गाव बाजूला ठेवून शब्दांकडेच बघू.

पहिल्या मुद्द्यातच सगळी मेख आहे, म्हणून तिथे जरा थांबतो. मार्क १५:३४मधल्या या वाक्याचे तीन तुकडे आहेत: देवाला हाक, मग ‘लेमा’ आणि मग ‘सबाख्थानी’. (मार्कच्या शुभवर्तमानाच्या जुन्या हस्तलिखितांत मधला शब्द लेमा, लमा, लिमा असा वेगवेगळा लिहिलेला सापडतो. ‘लेमा’ अरामी वळणाचा, ‘लमा’ हिब्रू वळणाचा.) ‘ले’ म्हणजे ‘साठी’ आणि ‘मा’ म्हणजे ‘काय’, मिळून ‘कशासाठी’. पेशित्ता या जुन्या अरामी भाषांतरातलं ‘लमाना’ हेही तसंच बांधलेलं आहे. ‘याचसाठी’ म्हणायचं तर तिथे ‘काय’ हा प्रश्नाचा शब्द चालणार नाही, ‘हे’ लागेल. पेशित्तात ते हवं तिथे आहेही. योहान १८:३७मध्ये पिलातासमोर येशू म्हणतो, मी याचसाठी जन्मलो, याचसाठी जगात आलो. तिथे दोन्ही वेळा ‘लहादे’ असा शब्द आहे. म्हणजे ‘याचसाठी’ कसं म्हणायचं हे पेशित्ताला ठाऊक होतं, आणि क्रूसाच्या वाक्यात तो शब्द नाही.

‘लेमा’ ताडून बघायला फार लांब जावं लागत नाही. हिब्रू बायबलात काही भाग मुळातच अरामीत आहेत: दानीएलात २:४च्या मध्यापासून सातव्या अध्यायाच्या शेवटापर्यंत, एज्रात राजांशी झालेला बराचसा पत्रव्यवहार, यिर्मयातलं एक वचन (१०:११) आणि उत्पत्ती ३१:४७मधले दोनच शब्द. एज्रा ४:२२ हे राजाच्या पत्रातलं वाक्य आहे: राजांचं नुकसान ‘लेमा’ वाढावं? मराठीत सरळ ‘कशाला वाढावं?’ ‘याचसाठी वाढावं’ केलं तर राजाच आपल्या नुकसानीचा हुकूम देतोय असं होईल.

आता क्रियापद. ग्रीक लिपीत ‘श’ला अक्षर नाही, म्हणून ‘स’ आला. मूळ ‘शबक्तानी’. धातू श-ब-क, पुढे ‘ता’ म्हणजे तू, ‘नी’ म्हणजे मला. आपल्या ‘सोडलंस’मधला शेवटचा ‘स’ जे काम करतो तेच इथे ‘ता’ करतो. लॅम्सांचं ‘मला राखलं गेलं’ हे कर्मणी वाक्य आहे. तिथे ‘तू’ गायब आहे, आणि अरामीत कर्मणी रूप निराळं दिसतं. दानीएल २:४४मध्ये ते सापडतं: देव स्थापील ते राज्य दुसऱ्या लोकांच्या हाती ‘तिश्तबेक’ होणार नाही, म्हणजे सोडलं जाणार नाही. धातूच्या मध्ये ‘त’ शिरलेला दिसतो ना? ‘शबक्तानी’त तो तसा शिरलेला नाही. तिथला ‘त’ धातूच्या मागून येतो आणि तो ‘तू’चा आहे. मेसेज लिहिणाऱ्याने ‘तू मला’ परत आणलंय, म्हणजे या बाबतीत तो लॅम्सांपेक्षा व्याकरणाच्या जवळ आहे. पण ‘याचसाठी’ला त्याच्याकडेही आधार नाही.

राहिला धातूचा अर्थ. इथे मेसेजमध्ये थोडं तथ्य आहे, ते नाकारण्यात अर्थ नाही. श-ब-क हा आपल्या ‘सोडणे’सारखा पसरट धातू आहे. दानीएल ४:१५मध्ये झाड तोडा पण बुंधा जमिनीत ‘सोडा’ असा हुकूम आहे. तिथे ‘राहू द्या, शिल्लक ठेवा’ हा अर्थ बसतो, आणि ‘राखून ठेवलं’ ही कल्पना अशाच वापरातून आलेली असणार. एज्रा ६:७मध्ये दारयावेश सांगतो, मंदिराच्या कामाला हात लावू नका, ते ‘सोडा’. पेशित्तातल्या प्रभूच्या प्रार्थनेत ‘आमची ऋणं सोड’ म्हणताना हाच धातू, आणि मिश्ना या यहुदी नियमांच्या जुन्या संग्रहात सूटपत्राला, म्हणजे बायकोला सोडल्याच्या कागदाला, ज्या नावांनी ओळखतात त्यांतलं एक नाव याच धातूवरून आलंय. पसारा एवढा असला की कोशातून मनाजोगा अर्थ उचलायचा मोह होतो. मोह आवरायचा तर तसंच दुसरं वाक्य शोधावं: कर्ता माणूस किंवा देव, कर्म माणूस. ते मार्कातच आहे, एकच अध्याय आधी. १४:५०मध्ये गेथशेमानेत येशूला धरतात तेव्हा सगळे शिष्य त्याला सोडून पळून जातात. पेशित्तात तिथे ‘शबकूही’, म्हणजे ‘त्याला सोडलं’. तोच धातू, तोच माणूस कर्म. शिष्यांनी त्याला ‘राखून ठेवलं’ असं कोणी म्हणणार नाही.

दुसरा मुद्दा, ग्रीक लिहिणाऱ्यांच्या अज्ञानाचा. मार्क अरामी शब्द देतो तेव्हा शेजारी बहुधा ग्रीक अर्थही देतो, म्हणून त्याची परीक्षा घेता येते. ‘तलिथा कूम’ (५:४१) म्हणजे ‘मुली, ऊठ’. मार्क त्यात ‘मी तुला सांगतो’ एवढं पदरचं घालतो, बाकी अर्थ बरोबर. ‘एफ्फथा’, मोकळा हो: बरोबर. ‘गलगथा’, कवटीची जागा: बरोबर, आणि हे तर त्याच पंधराव्या अध्यायात. एकच जागा खरोखर अडचणीची आहे, ३:१७मधलं ‘बोआनेर्गेस’. त्याचा अर्थ तो ‘गर्जनेचे पुत्र’ देतो, पण त्या स्पेलिंगमागे नेमके कोणते शब्द आहेत यावर अभ्यासक अजून वाद घालतात. मात्र तिथली गाठ दुर्मीळ टोपणनावाची आहे. ‘सोडणे’ हा रोजच्या तोंडातला शब्द होता.

त्याहून बोलका पुरावा केंब्रिजमध्ये ठेवलेल्या कोडेक्स बेझी या जुन्या ग्रीक-लॅटिन हस्तलिखितात आहे. त्यात ‘सबाख्थानी’च्या जागी ‘झाफ्थानी’ लिहिलंय. पहिल्यांदा वाचताना लेखनिकाची डुलकी वाटते, पण ती डुलकी नाही. स्तोत्र २२च्या सुरुवातीला हाच प्रश्न हिब्रूत आहे, आणि तिथे ‘मला सोडलंस’साठी शब्द ‘अझवतानी’ आहे. त्याचा पहिला कंठ्य वर्ण ग्रीकमध्ये लिहिता येत नाही, तो गळाला. आणि ‘थ’पुढे आला म्हणून ‘ब/व’चा ‘फ’ झाला. ‘शबक्तानी’तल्या ‘क’चा ‘ख’ झाला तोही नेमका याच सवयीने, कारण ग्रीकला ‘थ’च्या आधी महाप्राण जोडीदार लागतो. म्हणजे कोणीतरी अरामी वाक्य ओळखलं, ते स्तोत्रातलं आहे हे ओळखलं, आणि त्या जागी हिब्रू बसवलं. याच हस्तलिखितात मार्कच्या ग्रीक अर्थात ‘सोडलंस’ऐवजी ‘माझी निंदा का केलीस’ असंही आहे. वाक्य झोंबणारं वाटून ते मवाळ करायची धडपड लॅम्सांच्या कितीतरी शतकं आधीची आहे. गंमत म्हणजे मवाळ करणाऱ्यानेही प्रश्न प्रश्नच ठेवला.

तिसरा मुद्दा लवकर निकालात निघतो. पेशित्ता सिरियाकमध्ये आहे, म्हणजे एदेसा भागातल्या अरामीत, गालीलच्या बोलीत नाही. ‘तलिथा कूमी’ला पेशित्ता अर्थ देत नाही, कारण तिच्या वाचकाला त्याची गरजच नाही. पण मार्क १५:३४मध्ये ती ‘ईल ईल लमाना शबकतानी’ लिहून पुढे ‘म्हणजे’ म्हणते आणि ‘अलाही अलाही लमाना शबकतानी’ असं पुन्हा लिहिते. अरामीचा अर्थ अरामीतच! समोरच्या ग्रीकमधलं ‘म्हणजे’ उतरवून घेतल्याची ही खूण आहे. कोणी म्हणेल, बोलीतला फरक समजावला असेल. मान्य करू. पण मग समजावताना बदलली फक्त हाक. ‘लमाना शबकतानी’ जसंच्या तसं राहिलं, त्यामुळे लपलेला निराळा अर्थ तिथेही हाती लागत नाही. आणि लॅम्सांनी स्वतः काय केलं बघा: पेशित्ताच्या स्तोत्र २२च्या सुरुवातीला हेच ‘लमाना शबकतानी’ आहे, आणि तिथे त्यांनी ‘तू मला का जगू दिलंस’ असा प्रश्नच छापला आहे. तेच दोन शब्द एका पानावर ‘का’ आणि दुसऱ्या पानावर ‘याचसाठी’ कसे होतात?

चौथ्या मुद्द्याचं उत्तर त्यातच अर्धं आलं. हिब्रूत ‘अझव’ आणि अरामीत ‘शबक’ हे वेगळे शब्द आहेत, हे खरंच. एकाच वाक्याची ही दोन भाषांतली रूपं आहेत, वेगळे असणारच. हा जोड ख्रिस्ती लोकांनी जुळवलेला नाही. स्तोत्रांच्या यहुदी अरामी भाषांतरात, म्हणजे तार्गुममध्येही, या ओळीतल्या ‘अझवतानी’साठी ‘शबक्तानी’च वापरलंय. तार्गुमचा आपल्या हातातला पाठ शुभवर्तमानांपेक्षा उशिराचा आहे, म्हणून येशूने त्यातूनच ओळ उचलली असं म्हणता येत नाही. हिब्रूतला ‘अझव’ अरामीत आणताना यहुद्यांना कोणता धातू सुचला एवढं मात्र त्यावरून कळतं.

खरा न सुटलेला प्रश्न हाकेचा आहे, आणि मेसेज नेमका त्याबद्दल गप्प आहे. मार्क ‘एलोई’ लिहितो, मत्तय ‘एली’. जवळ उभ्या असलेल्यांना येशू एलिया संदेष्ट्याला हाक मारतोय असं वाटतं, आणि हा गैरसमज ‘एली’वरून सहज होईल, ‘एलोई’वरून जरा ओढूनताणून. ‘एली’ हिब्रू आणि पुढचं ‘शबक्तानी’ अरामी, ही सरमिसळ विचित्र वाटते खरी. पण तार्गुमच्या त्या ओळीतही सुरुवातीचा ‘एली’ हिब्रूतलाच ठेवलाय आणि पुढचं क्रियापद अरामी आहे.