कुलूप लावले, किल्लीचे काय?

माझे पगारपत्रक आणि बँकेचे विवरण दादाला ईमेलने पाठवायचे होते, आणि या वेळी ते पासवर्ड लावूनच पाठवायचे असा माझा निर्धार होता. लिबरऑफिसमधून पीडीएफ तयार करताना पासवर्डाच्या चौकटीत दोन जागा दिसल्या. मी ऐटीत Permission Password भरला आणि फाइल रवाना केली. पाच मिनिटांत दादाचा फोन आला, "अरे, पासवर्ड न विचारताच उघडली की!" तो पासवर्ड फक्त छपाई आणि बदल यांना मज्जाव करतो, आणि तो मज्जावही सगळी सॉफ्टवेअर पाळतातच असे नाही, फाइल उघडण्यासाठी किल्ली मागणारा पासवर्ड म्हणजे शेजारचा Open Password. थोडक्यात, दार सताड उघडे ठेवून मी आत 'वस्तूंना हात लावू नये' अशी पाटी टांगली होती.

दुसऱ्या खेपेला योग्य जागी माझी जन्मतारीख घातली. दादा म्हणाला, "शंभर वर्षांत तारखा किती? साधारण साडेछत्तीस हजार. संगणक त्या बसल्या बैठकीला तपासून टाकेल, आणि फाइलच हातात असल्यावर तीन चुकांनंतर खाते बंद करणारेही कोणी नसते." (गणितात तो माझ्यापुढे होता, हे त्याला आजही विसरता येत नाही.)

म्हणून तिसऱ्यांदा `O0l1Kx7I` असा भक्कम पासवर्ड लावला. तो त्याच ईमेलमध्ये लिहिणे म्हणजे कुलपाच्या कडीलाच किल्ली अडकवणे. पाठोपाठच्या ईमेलमध्ये लिहिला तरी तोच प्रकार, कारण ज्याच्या हाती ती टपालपेटी लागेल त्याला दोन्ही मिळतील. तेव्हा फोन केला.

"मोठा ओ, मग शून्य."

"गोल तो ओ की गोल ते शून्य?"

यानंतरची 'छोटा एल, मग एक' ही पायरी आम्ही ओलांडूच शकलो नाही.

चौथ्या खेपेला शब्दकोश चार ठिकाणी डोळे मिटून उघडला आणि हाती लागलेले शब्द जोडले: `khidki-mungi-topi-pavsala`. लांब, परस्परांशी संबंध नसलेले आणि फोनवर उच्चारता येणारे! पाठवण्यापूर्वी फाइल स्वतः उघडून पाहिली, नावातला 'पगार' हा शब्दही काढला, कारण पासवर्ड आतला मजकूर झाकतो, फाइलचे नाव नव्हे. तरीही दादाकडे ती उघडेना. अर्ध्या तासाने उलगडा झाला की तो `khidaki` लिहीत होता, आणि खिडकीचे रोमन स्पेलिंग नेमके कोणते यावर आमचे आजही एकमत नाही. शेवटी एकेक अक्षर सांगून फाइल उघडली.

संध्याकाळी त्याचे उत्तर आले, माझ्याच ईमेलला, जोडपत्रासकट: "मिळाले. पासवर्ड khidki-mungi-topi-pavsala, इथेच लिहून ठेवतो, म्हणजे पुन्हा शोधावा लागणार नाही."