‘एन्झाइम मरतात, खर्च होतात’: फॉरवर्डला उत्तर

«४२ अंशांच्या वर अन्न तापवलं की त्यातले एन्झाइम मरतात. मग पचवायला शरीराला स्वतःचे एन्झाइम खर्च करावे लागतात. साठा संपला की आजार. म्हणून सगळं कच्चं खा.»

आधी ‘खर्च’ बघू, कारण बाकीचा डोलारा त्यावरच उभा आहे. एन्झाइम हा उत्प्रेरक आहे, म्हणजे काम घडवून आणतो पण स्वतः त्यात खर्च होत नाही. लाळेतल्या अमायलेज या एन्झाइमच्या खाचेत भातातल्या स्टार्चची साखळी बसते, तुटते, तुकडे सुटतात आणि खाच पुन्हा रिकामी होते. तोच रेणू लगेच पुढची साखळी धरतो. कालांतराने एन्झाइमही झिजतात, पण शरीर नवे बनवतच असतं. जन्माला येताना मोजून दिलेली पुंजी नसते ती.

प्रत्येक खाचेत ठरावीकच रेणू बसतो. १८९४ साली रसायनशास्त्रज्ञ एमिल फिशरने कुलूप-किल्लीची उपमा दिली ती यावरूनच. यीस्टचा अर्क एका ग्लुकोसाइडला, म्हणजे ग्लुकोजच्या एका संयुगाला, फोडायचा, पण फक्त एका जागी रचना उलटी असलेल्या त्याच्या जुळ्याला शिवायचाही नाही. त्या जुळ्याला फोडायला बदामातला एन्झाइम लागायचा. (हे कुलूप लोखंडाचं नाही, किल्ली शिरताना थोडं वाकतं, हे नंतर कळलं.)

आता ‘मरतात’. जिवंतच नव्हते, तर मरतील कुठून? एन्झाइम म्हणजे घडी घातलेली प्रथिनाची साखळी. ऊब वाढली की रेणू जास्त वेळा आणि जास्त जोराने आदळतात, म्हणून काम आधी वेगाने होतं. आणखी तापवलं की घडी धरून ठेवणारे नाजूक बंध सुटतात आणि खाच मोडते. साखळी मात्र अखंड राहते.

घरी करून बघा. पातळ, गार पेज दोन वाट्यांत घ्या. एकीत ताजी लाळ, दुसरीत उकळून गार केलेली. पंधरा-वीस मिनिटांनी दोन्हींत टिंक्चर आयोडीनचा थेंब टाका. उकळलेल्या लाळेची वाटी निळी-काळी होते, कारण स्टार्च तसाच आहे. ताज्या लाळेच्या वाटीत तो रंग येत नाही किंवा फिका येतो. लाळ गार केल्यानेही घडी परतत नाही, उकडलेल्या अंड्याचा बलक-पांढरा परततो का?

४२ हा आकडा सगळ्यांना लावणं तर निव्वळ थाप. मटणाला कच्ची पपई लावतो, तिच्यातला पपेन हा एन्झाइम ६० ते ६५ अंशांना सर्वांत जोरात चालतो. म्हणजे मटण मऊ पडतं ते बरंचसं चुलीवर तापत असताना. पपई जास्त झाली तर त्याचा लगदा होतो.

राहिलं कच्चं खाणं. काकडी, गाजर खुशाल खा. पण कच्च्या तांदळात स्टार्चचे कण घट्ट बांधलेले असतात, अमायलेजला आत शिरता येत नाही. शिजताना ते पाणी पिऊन फुगतात, मोकळे होतात आणि साखळ्या खाचेपर्यंत पोचतात. घास जरा जास्त चावला की भात गोड लागतो तो त्यामुळेच. कच्चे तांदूळ तितकाच वेळ चावून बघा.