शेवट माहीत असतो, म्हणूनच

«प्रेमकादंबरीचा शेवट गोडच होणार हे आधीच ठाऊक असेल, तर ती वाचायची कशाला?»

रहस्यकथेत खुनी सापडणार हेही ठाऊक असतंच की! रोमान्स रायटर्स ऑफ अमेरिका या संघटनेने केलेल्या प्रेमकादंबरीच्या व्याख्येत दोनच अटी आहेत: प्रेमकथा केंद्रस्थानी हवी आणि शेवट समाधान देणारा, आशादायी हवा. लग्नाची अट नाही. दोघं एकत्र आहेत आणि पुढे निभेल असं वाटलं, तरी पुरतं.

नाशिकला कॉलेज रोडजवळच्या एका लायब्ररीत माझी आई अशी पुस्तकं आणायची. आधी शेवटचं पान उघडायची, मग पहिलं. मी हसायचो. पण साधारण पाऊण पुस्तक झालं की दोघांचं हमखास फाटतं, आणि तिथे ती सगळ्यात रमायची. जुळणार हे नक्की असल्यामुळे ‘जुळेल का’ ही धाकधूक नसते. उरतो प्रश्न ‘कसं’. तो हट्टी माणूस नक्की कुठे नमणार?

एकदा मुखपृष्ठावर गुलाब आणि शेवटी नायक अपघातात खलास. आईने पुस्तक दुसऱ्याच दिवशी परत केलं. शोकांतिका तिला वर्ज्य नव्हती, पण गुलाब दाखवून ती गळ्यात मारलेली चालत नव्हती. शिवाय तो अपघातही लेखकाने गाठ सुटेना म्हणूनच घातला असावा, असं मला वाटतं.