पोरीचं लग्न उरकायचंय? मग तिचा विसावा वाढदिवस विसरू नका

मुलगी पंधराची झाली, ऊसतोडीचा हंगाम तोंडावर आलाय आणि मुकादम उचल देतो ती 'कोयत्या'ला, म्हणजे जोडप्याला. तेव्हा तुमचा निर्णय पक्का झालाच असेल. पत्रिका छापू नका, साखरपुडा म्हणून माणसं बोलवा आणि त्याच मांडवात अक्षता टाकून मोकळे व्हा. गावचा ग्रामसेवक हाच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतो. त्या दिवशी तो तालुक्याला मीटिंगला गेलेला बरा.

काळजी एकच करा. आधी कोणी न्यायालयातून मनाईहुकूम आणू नये. तो असताना लग्न लावलं, तर ते मुळातच रद्दबातल. पोरगी पळवून, विकून किंवा फसवून आणली असेल तरीही तेच. पण तुम्ही सभ्य घरातले, सगळं रीतसर, मामा पाठीशी उभे. अशा लग्नाला २००६ चा बालविवाह प्रतिबंधक कायदा लगेच मोडीत काढत नाही. लग्न लावणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि लाखापर्यंत दंड सांगतो, पण लग्न उभंच ठेवतो. हे ऐकून तुम्ही मिशीवर ताव माराल. जरा थांबा.

लग्न उभं ठेवलंय ते तुमच्यासाठी नाही. मोडायची किल्ली कायद्याने फक्त त्या पोरीच्या हातात दिली आहे. समजा तिचा जन्म १४ जून २००८ चा आणि लग्न ऑक्टोबर २०२३ चं. जावईबापू तेव्हा चोवीस वर्षांचे. पुढे त्यांचं मन उडालं आणि 'हा तर बालविवाह होता, रद्द करा' म्हणत ते जिल्हा न्यायालयात गेले, तर दार बंद. लग्नाच्या वेळी जो अल्पवयीन होता त्यालाच हा अर्ज करता येतो. (जावई तेव्हा एकविसाच्या आतले असते, तर कायद्याच्या लेखी तेही बालकच ठरले असते.) सरसकट सगळीच लग्नं रद्द केली असती तर नवऱ्याचीच सोय झाली असती: चार हंगाम राबवून घ्या आणि 'तू माझी बायको कधी नव्हतीसच' म्हणून वाटेला लावा.

आता किल्लीची मुदत. सज्ञान झाल्यापासून दोन वर्षं पुरी व्हायच्या आत अर्ज व्हायला हवा. म्हणजे आपल्या हिशेबात १४ जून २०२८ च्या आत. अठराच्या आधीही करता येतो, पण पालकामार्फत किंवा तिच्या वतीने उभ्या राहणाऱ्या हितचिंतकामार्फत, बालविवाह प्रतिबंधक अधिकाऱ्याला सोबत घेऊन. पालक तर तुम्हीच, अक्षता वाटणारे! आणि अधिकारी मीटिंगला. तेव्हा विसावं वर्ष सरेपर्यंत तिला फडातच ठेवा. तालुक्याला एकटी पाठवू नका, तिथे विधी सेवा समिती बाईमाणसाला उत्पन्न न विचारता फुकट वकील देते. १०९८ हा मुलांच्या मदतीचा नंबर तर घरात कोणाच्या तोंडी येऊ देऊ नका.

मूल झालं की सासू एक हुकमी वाक्य काढते: 'लग्न मोडलंस तर लेकराला बापाचं नाव राहणार नाही.' वाक्य जोरात म्हणायचं, कारण ते साफ खोटं आहे. लग्न रद्द झालं तरी हुकूमनाम्याआधी झालेलं किंवा पोटात असलेलं मूल सर्व बाबतींत औरसच धरलं जातं. दाखल्यावर बापाचं नाव राहतं, वारसाहक्कही राहतो. ताबा कोणाकडे द्यायचा हे न्यायालय लेकराचं हित बघून ठरवतं, 'वंशाचा दिवा आमचा' या युक्तिवादावर नाही. बापाला भेटायची मुभा मिळू शकते आणि पोटगी भरायचा आदेशही. बाळंतपणाला दवाखान्यात नेताना मात्र जपून, तिथे आईचं वय विचारतात. बायको अठराच्या आत असेल तर तो बलात्कारच, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये सांगितलंय. आधारवर वय वाढवलं असेल, पण शाळेचं रजिस्टर कोण बदलणार?

आणि खर्चाचं बघून ठेवा. ती पुन्हा लग्न करेपर्यंत तिची पोटगी आणि राहण्याची सोय नवऱ्याच्या माथी मारता येते. नवरा अल्पवयीन असेल तर त्याच्या आईबापाच्या. शिवाय लग्नात घेतलेलं परत द्यावं लागतं, दोन्ही बाजूंनी. मानपानाची मोटारसायकल विकून खाल्ली असेल तर तिची किंमत रोख. तेव्हा शोरूमची पावती पत्र्याच्या पेटीत नीट ठेवा, वकील ती मागणारच.