एक ओळ वर राहिली अन् अख्खी टेस्ट पाण्यात गेली

डोकं लई फिरलंय आज. बेटं मोजायचा प्रश्न, जो पोरं झोपेतबी लिहितात, त्याच्यावर माझी प्लेसमेंटची टेस्ट गेली. दहातल्या नऊ केसेस पास, एक फेल, अन् लाल अक्षरात Time Limit Exceeded. बरं चुकलं काय तर एक ओळ. चुकीची नाही हो, ओळ बरोबरच होती, नुसती दोन-चार ओळी वर लिहिली गेली होती.

प्रश्न माहीत नसेल तर सांगतो. चौकटींचा ग्रिड असतो, "1" म्हणजे जमीन अन् "0" म्हणजे पाणी. उन्हाळ्यात नाथसागराचं पाणी उतरल्यावर अधेमधे जमीन उघडी पडते ना, तसं चित्र डोळ्यापुढं आणा. वर-खाली-डावी-उजवीकडून चिकटलेली जमीन म्हणजे एक बेट, तिरपं चिकटलेलं धरायचं नाही. एकेक चौकट बघत जायचं, "1" दिसला की बेटांची संख्या एकनं वाढवायची अन् तिथून पसरत पसरत ते अख्खं बेट बुडवून टाकायचं, म्हणजे तेच परत मोजायला नको. ह्या पसरण्यालाच फ्लड फिल म्हणतात. बस एवढंच!

तर आधी मी रिकर्शननं लिहिलं, कारण सगळे व्हिडिओवाले तेच दाखवतात, चार ओळीत काम. पण ते पायथनमध्ये मोठ्या बेटावर फुटतंय हे कोणी बोंबलून सांगत नाही. पायथनची रिकर्शनची लिमिट मुळात 1000 असती, अन् दिशा खाली, वर, उजवी, डावी अशा क्रमानं लावल्या तर पूर्ण जमिनीच्या ग्रिडमध्ये फंक्शन सापासारखं जातंय, एक कॉलम खाली, पुढचा वर, मागं न फिरता शेवटच्या चौकटीपर्यंत. म्हणजे जेवढ्या चौकटी तेवढी खोली. 32 गुणिले 32 म्हणजे 1024, झाला RecursionError. लिमिट वाढवून बघितली तर प्रोसेस काही न बोलता गपकन मेली. हे मला आधीच माहीत होतं म्हणून टेस्टमध्ये शहाणपणा करून रिकर्शनच्या जागी रांग, म्हणजे queue, वापरली, अन् तिथंच माती खाल्ली.

हे बघा माझं प्रताप:

```python
while q:
    r, c = q.popleft()
    grid[r][c] = "0"
    for dr, dc in dirs:
        nr, nc = r + dr, c + dc
        if 0 <= nr < R and 0 <= nc < C and grid[nr][nc] == "1":
            q.append((nr, nc))
```

दिसायला एकदम साधं ना? रूममेटला दाखवलं तर तो म्हणतो, "अरे आन्सर तर बरोबर यायलंय की, त्यांचा सर्व्हरच स्लो असंल." आन्सर बरोबर यायलंय हीच तर बोंब आहे बाबा! चुकीचं आलं असतं तर तिथल्या तिथं पकडलं असतं. हा कोड बेटं बरोबर मोजतो, फक्त तेवढ्यासाठी जन्म घालवतो.

रात्री रूमवर येऊन, जेवण बाजूला ठेवून, 3 गुणिले 3 चा सगळी जमीन असलेला ग्रिड वहीत काढला. वरच्या डाव्या कोपऱ्यातून सुरुवात. कोपरा रांगेतून निघाला, बुडाला, त्यानं उजवीकडची अन् खालची चौकट रांगेत टाकली. आता उजवीकडची निघाली, तिनं मधली चौकट टाकली. मग खालची निघाली, तिनंबी मधलीच टाकली, कारण मधली अजून "1"च दिसायली, ती बुडणार कधी तर रांगेतून बाहेर आल्यावर. झाली मधली दोनदा. अन् ती दोन्ही वेळेस बाहेर येऊन परत आपल्या पुढच्या शेजाऱ्यांना टाकणार, कारण तेबी अजून कोरडेच. प्रत्येक चौकट किती वेळा रांगेत गेली ते लिहिलं:

```
1 1 1
1 2 3
1 3 6
```

हे आकडे बघून मी वही फेकणार होतो. अकरावीतला पास्कलचा त्रिकोण आहे हा, आडवा झोपलेला! वरचा अधिक डावीकडचा. नऊ चौकटींसाठी 19 वेळा रांगेत. म्हटलं ठीके, दुप्पट तर दुप्पट. मग कोडमध्ये काउंटर लावून 10 गुणिले 10 चालवला, शंभर चौकटी, आकडा आला 1,84,755. 15 गुणिले 15 ला हिशेब केला तर 15 कोटींच्या वर. अन् 20 गुणिले 20, म्हणजे नुसत्या चारशे चौकटी, त्याला 13,784 कोटी! चालवून बघायला गेलो तर लॅपटॉपचा फॅन असा बोंबलायला लागला की शेजारच्या रूममधून भिंतीवर बुक्की आली.

आमच्या गावाकडं लग्नाचं आवतन देत फिरतात तसं हे. ज्या घरी आवतन दिलं त्याला तिथंच खूण करायची सोडून मी खूण कधी करायलो, तर माणूस पंगतीत येऊन बसल्यावर. मग भावकीतले चौघं त्याच घरी चारदा जाणार, अन् तो बिचारा चारदा येऊन दरवेळेस आपल्या शेजाऱ्यांनाबी परत आवतन देणार. पंगत उठायचीच नाही मग.

अन् नऊ केसेस पास कशा झाल्या? कारण त्यात बेटं बारकी असणार. एका रेषेतली लांब पट्टी असली तर एक आकडाबी जादा होत नाही, 2 गुणिले 2 च्या ठोकळ्यात चारच्या जागी पाच होतात, कोणाला कळणार? फक्त रुंद, भरीव जमीन आली की स्फोट. नमुन्याला दिलेल्या केसमध्ये असलं एकबी बेट नव्हतं, म्हणून मी निवांत सबमिट मारलं अन् घड्याळात अकरा मिनिटं शिल्लक असताना नखं खात बसलो.

दुरुस्ती काय, तर रांगेत टाकतानाच बुडवायचं. सुरुवातीची चौकटबी टाकतानाच.

```python
            grid[nr][nc] = "0"
            q.append((nr, nc))
```

आता कुठलीच चौकट दोनदा रांगेत जात नाही, चारशेला चारशे. ओळ जागेवरून हलवायची नसंल तर बाहेर काढल्यावर आधी बघायचं की ही बुडालेली आहे का, असंल तर सोडून द्यायची. तेबी चालतंय, थोडे डबल जातात रांगेत पण ते पुढं पिल्लं घालत नाहीत. मी दोन्हीपैकी एकबी केलं नव्हतं.

सगळ्यात जास्त राग कशाचा येतो सांगू का, व्हिडिओत तो माणूस ती ओळ बरोबर जागी लिहितो अन् तोंडातून एक शब्द काढत नाही की इथंच का. "व्हिजिटेड मार्क करून घेऊ" म्हणतो अन् पुढं. आम्ही पाठ करणारी पोरं, पाठ केलं की मार्क करायचंय, कधी ते डोक्यात बसलंच नाही. फक्त pop चा एक काउंटर लावला असता अन् तो R*C च्या वर गेलेला बघितला असता तर दोन मिनिटांत कळलं असतं. अकरा मिनिटं होती माझ्याकडं, अकरा!

आता रात्रीचे दीड वाजले, भाकरी कडक झाली, अन् 20 गुणिले 20 एंटरवरनं बोट उचलायच्या आत चालायलाय. रूममेट घोरायलाय. टेस्टची लिंक उघडून बघितली, "ही टेस्ट संपलेली आहे" एवढंच यायलंय.