के-डी ट्रीमध्ये खाली उतरलात की काम संपलं? नाही

आधी हा दावा वाचा, मग त्याचा एकेक तुकडा तपासू: «के-डी ट्री म्हणजे बायनरी सर्च ट्रीच, फक्त अ‍ॅक्सिस आलटून पालटून. क्वेरी घेऊन खाली उतरा, लीफला जो पॉइंट भेटेल तोच निअरेस्ट नेबर. दुसऱ्या फांदीत शिरायची गरजच नाही, म्हणून O(log n), डायमेन्शन कितीही असू दे.»

लीफला भेटेल तोच निअरेस्ट

सात पॉइंट घ्या आणि कागदावर काढूनच बघा. रूट (६,१), तो x वर कापतो. डावीकडे (१,६), त्याच्याखाली (३,२) आणि (५,७). उजवीकडे (१०,५), त्याच्याखाली (८,३) आणि (९,८). दुसऱ्या लेव्हलला y वर कापलंय.

आता क्वेरी (७,७). ७ हा ६ पेक्षा मोठा म्हणून उजवीकडे, मग y ७ हा ५ पेक्षा मोठा म्हणून मोठ्या y च्या फांदीत, आणि लीफला भेटला (९,८). अंतराचा वर्ग ४+१ म्हणजे ५. वरच्या दाव्यानुसार इथेच घरी जायचं. पण (५,७) बघा, त्याचा वर्ग ४ येतो, म्हणजे तो जास्त जवळ आहे, आणि तो बसलाय रूटच्या पार दुसऱ्या बाजूला. भिंतीला भिंत लागून असलेला शेजारी दुसऱ्या बिल्डिंगमध्ये मोजला जातो ना, तसं झालंय. ट्रीने जागा कुठे कापली याचा आणि कोण जवळ आहे याचा संबंध एवढाच की कापलेली रेघ क्वेरीपासून किती लांब आहे ते आपल्याला माहीत असतं.

दुसऱ्या फांदीत शिरायची गरजच नाही

गरज असते कधी आणि नसते कधी, हेच तर सगळं अल्गोरिदम आहे. रिकर्शन परत वर येताना प्रत्येक नोडला एकच प्रश्न विचारायचा: आत्तापर्यंतच्या बेस्ट अंतराचं वर्तुळ क्वेरीभोवती काढलं तर ते रेघ ओलांडतं का? नसेल ओलांडत तर पलीकडचा कुठलाही पॉइंट बेस्टपेक्षा जवळ असूच शकत नाही, अख्खी फांदी छाटा. ओलांडत असेल तर तिकडे काही सापडेलच असं नाही, पण बघावं लागतं.

वरच्या क्वेरीत रूटची रेघ x=६, क्वेरीपासून अंतर १, वर्ग १, बेस्ट ५, म्हणून शिरावं लागलं आणि उत्तर बदललं. खरं तर या क्वेरीत काहीच छाटलं जात नाही, सातही नोड बघावे लागतात. त्याच ट्रीवर (१०,८) विचारा: (९,८) ला बेस्ट १ होतो, परत येताना y=५ ची रेघ ३ लांब, वर्ग ९, म्हणून (८,३) गेला, आणि रूटची रेघ ४ लांब, वर्ग १६, म्हणून डावीकडचे तिन्ही पॉइंट एका झटक्यात गेले. तीन नोडमध्ये काम तमाम. कोडमध्ये `diff` म्हणजे क्वेरीपासून रेघेपर्यंतचा फरक, `near` म्हणजे क्वेरीच्या बाजूची फांदी, `far` म्हणजे पलीकडची:

```python
best, best_d2 = nn(near, q, best, best_d2)
if diff * diff < best_d2:
    best, best_d2 = nn(far, q, best, best_d2)
```

क्रम महत्त्वाचा. आधी जवळची बाजू पूर्ण बघून बेस्ट लहान करायचा आणि मगच चेक, उलटं केलं तर उत्तर बरोबरच येतं पण छाटणी बरीच कमी होते. आणि `diff` चा वर्ग विसरू नका, ही चूक फार छुपी असते. बेस्ट वर्गात ठेवलाय आणि `abs(diff)` शी तुलना केलीत तर अंतरं १ च्या वर असतात तोवर उत्तरं बरोबर येतात, फक्त काही फांद्या उगाच बघितल्या जातात. पण डेटा ० ते १ मध्ये नॉर्मलाइझ केला की गडबड: बेस्ट अंतर ०.५, वर्ग ०.२५, रेघ ०.३ वर, ०.३ हा ०.२५ पेक्षा मोठा म्हणून फांदी छाटली, आणि खरा नेबर तिकडेच असू शकतो. म्हणून टेस्ट करताना ० ते १ मधले रँडम पॉइंट घ्या आणि ब्रूट फोर्सशी ताडून बघा.

O(log n), डायमेन्शन कितीही

फ्रीडमन, बेंटली आणि फिंकेल यांनी १९७७ मध्ये जो लॉगवाला हिशोब मांडला तो सरासरीचा आहे, तोही डायमेन्शन ठरलेलं आणि पॉइंट भरपूर असं धरून. वर्स्ट केस O(n)च.

डायमेन्शन वाढल्यावर बिघडतं ते याच चेकमध्ये. रेघेपर्यंतचं अंतर म्हणजे एकाच कोऑर्डिनेटचा फरक, आणि बेस्ट अंतराच्या वर्गात सगळ्या कोऑर्डिनेटच्या फरकांच्या वर्गांची बेरीज. ५० डायमेन्शन, सगळे पॉइंट ० ते १ मध्ये रँडम: एका अ‍ॅक्सिसवरचा फरक कधीच १ च्या वर जात नाही, पण दोन रँडम पॉइंटमधल्या अंतराचा वर्ग सरासरी ५०/६, म्हणजे आठच्या वर. लाखभर पॉइंटमधला सगळ्यात जवळचाही साधारणपणे १ पेक्षा बराच लांब असतो, मग `diff * diff < best_d2` जवळजवळ नेहमीच खरं आणि एकही फांदी कापली जात नाही. खऱ्या डेटात कॉलम एकमेकांशी जोडलेले असतात म्हणून इतकं वाईट होईलच असं नाही, तेव्हा किती नोडला हात लागला याचा एक काउंटर ठेवा. तो n च्या आसपास गेला की ट्री फेकून साधा लूप लावा, तो अ‍ॅरेवर सरळ धावतो आणि पॉइंटर उड्या मारत बसत नाही, त्यामुळे तोच फास्ट पडतो.