फक्त दोन मिनिटं

शाळेच्या प्रिन्सिपल मॅडमची नोटीस आली. सुरुवात नेहमीचीच, "सर्व पालकांना कळविण्यात येते की", म्हणून चहा पीत निवांत वाचत होतो, पण तिसऱ्या कलमापाशी ठसका लागला. "काही पालक पार्किंग लाइट लावून ऐन गेटसमोर गाडी उभी करतात व हटकल्यास 'फक्त दोन मिनिटं' असे सांगतात." काही पालक म्हणजे मीच हो! नाव घातलं नाही एवढीच मॅडमची कृपा.

आता झालं असं, की आदल्या दिवशी लेकीचा सायन्स प्रोजेक्ट होता, पुठ्ठ्याचा ज्वालामुखी, तो डिकीत. गाडी गेटसमोर थांबवली, उतरलो, डिकी उघडली तर ज्वालामुखी आडवा पडलेला आणि मुख निखळलेलं, मग सेलोटेप शोध, दात लावून तोड, चिकटव, तोवर मागे वीसेक गाड्या आणि वॉचमनकाकांची शिट्टी. पार्किंग लाइट लावले की गाडी अदृश्य होते असा माझा प्रामाणिक समज होता.

नोटिशीत उपाय काय, तर गेट सोडून पुढच्या पिवळ्या पट्टीपर्यंत जायचं, मुलाने फूटपाथच्या बाजूने उतरायचं, पालकाने सीट सोडायची नाही, दप्तर मुलाच्या पायाशी हवं, डिकीत नको. मला हे उगाच वाटलं, म्हणून मी हिशोब मांडला (मॅडमना खोटं पाडायला). एक मूल उतरायला अर्धा मिनिट धरा. गेटसमोर एकेक करून वीस गाड्या म्हणजे दहा मिनिटं. पुढे सरकून पाच गाड्यांनी एकदम मुलं उतरवली तर चार खेपा, दोन मिनिटं, सरकायला अजून एखादं. म्हणजे त्या दिवशी माझ्यापुढे चार गाड्यांची जागा रिकामी होती आणि मी बूच लावल्यासारखा गेटवर उभा! हिशोब परत केला, तेवढाच आला.

दुसऱ्या दिवशी पट्टीपर्यंत गेलो. लेक म्हणाली, "इथून चालत?" वीस पावलं होती.

सुटायच्या वेळचं मात्र वेगळं असतं, सकाळी मूल तयार असतं, दुपारी गाडी तयार आणि मूल आत, त्यामुळे घंटेआधी कितीही लवकर जा, रांग हलणारच नाही, उलट तुम्हीच तिचं शेपूट वाढवता. म्हणून नोटिशीत लिहिलेलं, घंटेनंतर दहा मिनिटांनी या, मुलं आवारात थांबतील. मी बरोब्बर दहा मिनिटांनी पोचलो. रस्ता मोकळा, एक गाडी नाही, एवढ्यात सुधारले सगळे? आवारात पायरीवर लेक एकटीच, मांडीवर तो ज्वालामुखी, शेजारी वॉचमनकाका.

"बाबा, सगळ्यांना कधीच घेऊन गेले," ती म्हणाली, "नोटीस काय तू एकट्यानेच वाचलीस?"